नऊ किंवा बारा

उत्तरपत्रिकेच्या चौथ्या पानावर तळाशी n = 9, 12 असं लिहिलेलं आहे. ९ तसाच राहिलाय. १२वर लाल शाईची तिरकी रेघ आहे आणि समासात दोनच शब्द आहेत, ‘एकच उत्तर’. तीनपैकी दोन गुण.

प्रश्न दहावीच्या बीजगणितातला, अंकगणिती श्रेढीचा. ‘20, 18, 16, … या अंकगणिती श्रेढीच्या पहिल्या किती पदांची बेरीज 108 होईल?’ सराव परीक्षेच्या ४० गुणांच्या पेपरात असा प्रश्न बहुधा प्रश्न ३ (ब)मध्ये येतो. मुंबईतल्या कुठल्याही मराठी शाळेत तपासलेले पेपर वाटले की दहा मिनिटं वर्गात नुसता गलका असतो. कुणाच्या गुणांची बेरीज चुकलेली असते, कुणाचं मागचं पान तपासायचं राहिलेलं असतं. ही प्रकरणं टेबलाशीच मिटतात. मूल बोट ठेवतं, बाई बेरीज पुन्हा करतात, आकडा बदलतो.

इथं बेरीज चुकलेली नाही आणि पानही राहिलेलं नाही. बाईंनी उत्तर वाचलं, त्यावर निर्णय घेतला आणि अर्धं उत्तर चूक ठरवलं. मग नुसतं बोट ठेवून भागत नाही. कारण दाखवावं लागतं, आणि ते चाळीस जणांच्या गलक्यात उभ्या उभ्या दाखवता येत नाही. म्हणून पत्र.

पत्राआधी एक काम कच्च्या कागदावर करायचं असतं, ते म्हणजे आपलंच उत्तर पाडून बघणं. या प्रकारच्या उदाहरणात मुलं दोन ठिकाणी घसरतात. पहिली जागा चिन्हाची. श्रेढी उतरती आहे, म्हणून d हा −2 आहे, पण घाईत तो 2 लिहिला जातो. दुसरी जागा सूत्रातल्या (n − 1)ची, तिथं नुसता n लिहून पुढं जाणारे पुष्कळ. गंमत अशी की या उदाहरणात दोन्ही चुका स्वतःच चाडी करतात. d = 2 घेतला तर n² + 19n − 108 = 0 असं समीकरण मिळतं. त्याचा विवेचक 793, म्हणजे पूर्ण वर्ग नाही, आणि पदांची संख्या पूर्णांकात येतच नाही. (n − 1)ऐवजी n घेतला तर n² − 20n + 108 = 0 मिळतं. त्याचा विवेचक −32, म्हणजे वास्तव मुळंच नाहीत. त्यामुळे पानावर स्वच्छ 9 आणि 12 आलेले असताना आकडेमोड वाटेत घसरली असण्याची शक्यता फार कमी उरते.

तरीही सूत्रावर विसंबून राहू नये. ज्या सूत्रानं उत्तर काढलं त्याच सूत्रात ते परत घालून ‘पडताळा’ म्हणणं अर्धवटच असतं, कारण सूत्र चुकीचं आठवलं असेल तर ताळाही चुकीचाच जुळतो. इथं बारा पदं तर आहेत. सरळ लिहून काढावीत आणि हातानं मिळवावीत. मुंबईच्या शाळेत बारा आकड्यांची बेरीज ही काही परीक्षा नव्हे, वडापावचा हिशेब याहून अवघड असतो.

हे झालं की पत्र. एका पानात मावेल एवढंच, कारण दुसरं पान उलटावं लागलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून पहिल्या पानावरचे आकडे जातात. असं:

*दि. १६ जानेवारी*

*आदरणीय बाई,*
*सादर नमस्कार.*

*विषय : सराव परीक्षा, गणित भाग १, प्रश्न ३ (ब) (२)चे उत्तर पुन्हा पाहण्याबाबत.*

*वरील प्रश्नात ‘20, 18, 16, … या अंकगणिती श्रेढीच्या पहिल्या किती पदांची बेरीज 108 होईल?’ असे विचारले होते. मी n = 9, 12 असे उत्तर लिहिले आहे. त्यातील 12 चूक धरून एक गुण कमी झाला आहे. माझ्या समजुतीप्रमाणे या प्रश्नाला दोन्ही उत्तरे लागू होतात. त्याचे कारण खाली मांडत आहे.*

*a = 20, d = −2, Sₙ = 108*

*Sₙ = n/2 [2a + (n − 1)d]*

*108 = n/2 [40 − 2n + 2] = n(21 − n)*

*n² − 21n + 108 = 0*

*(n − 9)(n − 12) = 0*

*n = 9 किंवा n = 12*

*सूत्र न वापरता पाहिले तर पहिली 9 पदे अशी आहेत : 20, 18, 16, 14, 12, 10, 8, 6, 4. टोकाकडून जोड्या लावल्यास 24च्या चार जोड्या आणि मधले 12 मिळतात. 96 + 12 = 108.*

*पुढची तीन पदे 2, 0, −2 अशी आहेत. त्यांची बेरीज 0 होते. म्हणून 10 पदांची बेरीज 110, 11 पदांची 110 आणि 12 पदांची पुन्हा 108 होते.*

*पदांची संख्या ऋण किंवा अपूर्णांक असती तर ती सोडून द्यावी लागली असती. येथे 9 आणि 12 या दोन्ही नैसर्गिक संख्या आहेत. प्रश्नात पदे धनच असावीत किंवा कमीत कमी पदे घ्यावीत अशी अट मला दिसली नाही. अशी अट गृहीत धरायची असल्यास कृपया सांगावे.*

*मी उत्तरात ‘किंवा’ न लिहिता स्वल्पविराम दिला आणि पडताळा दाखवला नाही, ही माझी त्रुटी आहे. उत्तरपत्रिका सोबत जोडली आहे. आपल्या सवडीने हे उत्तर एकदा पुन्हा पाहावे, ही नम्र विनंती.*

*आपली विद्यार्थिनी,*
*(नाव), इयत्ता दहावी ब, हजेरी क्रमांक १७*

या पत्रात सगळं वजन एका वाक्यावर आहे, आणि ते समीकरणात नाही. ‘पुढची तीन पदे 2, 0, −2 अशी आहेत. त्यांची बेरीज 0 होते.’ समीकरण सोडवलेलं बाईंनी आधीच पाहिलं होतं. (n − 9)(n − 12) = 0 पर्यंत त्यांना काही खटकलंच नव्हतं, तिथवरचे दोन गुण त्यांनी दिलेलेही होते. खटकलं ते त्यापुढचं. बेरीज एकच असताना कधी नऊ पदं, कधी बारा, हे कसं शक्य आहे? समीकरण ‘होतं’ एवढंच म्हणतं. कसं होतं, ते या तीन पदांत दिसतं. नऊ पदांवर 108 झाले, दहाव्यानं 2 भर घातली, अकराव्यानं काहीच केलं नाही, बाराव्यानं ते 2 परत नेले. फेरतपासणीच्या पत्रात समोरच्याची शंका नेमकी कुठल्या ओळीवर अडली होती ते ओळखून तिथं एक जादा ओळ द्यावी लागते. आधीच्या ओळी पुन्हा उतरवल्या आहेत त्या केवळ बाईंना उत्तरपत्रिका आणि पत्र असं दोन्हीकडे बघावं लागू नये म्हणून.

आता बाईंची बाजू. ‘एकच उत्तर’ हे शब्द आळसातून आलेले नाहीत, सवयीतून आले आहेत, आणि सवय बहुतेक वेळा बरोबर असते. वर्गसमीकरणावरच्या शाब्दिक उदाहरणांत दोन मुळं मिळतात आणि एक सोडून द्यायचं असतं. वय ऋण नसतं, आयताची बाजू ऋण नसते, आगगाडीचा वेग ऋण नसतो. श्रेढीच्या उदाहरणांतही तेच होतं. 2, 4, 6, … या श्रेढीच्या किती पदांची बेरीज 110 होईल, असं विचारलं तर n² + n − 110 = 0 मिळतं, मुळं 10 आणि −11. उणे अकरा पदं कशी घेणार? ते खोडायचं आणि 10 लिहायचं. वर्षानुवर्षं असली उदाहरणं फळ्यावर सोडवली की ‘दोनपैकी एक खोडायचं’ हे हाताच्या वळणातच येऊन बसतं.

पण हे दुसरं मूळ नेहमी ऋणच का येतं? दहावीच्याच पुस्तकातल्या मुळांच्या गुणाकारानं ते उलगडतं. बेरजेच्या सूत्रातून येणारं समीकरण नीट मांडलं तर ते असं दिसतं:

dn² + (2a − d)n − 2S = 0

मुळांचा गुणाकार म्हणजे −2S/d. श्रेढी चढती असेल तर d धन, मागितलेली बेरीज S धन, म्हणून गुणाकार ऋण. दोन संख्यांचा गुणाकार ऋण म्हणजे त्यांतली एक धन, एक ऋण. चढत्या श्रेढीत धन बेरीज मागितली की एक मूळ खोडावंच लागणार, हे उदाहरण सोडवायच्या आधीच ठरलेलं असतं. श्रेढी उतरती झाली की d ऋण होतो आणि तोच गुणाकार धन होतो. आता दोन्ही मुळं एकाच चिन्हाची. आपल्या उदाहरणात गुणाकार 108 आणि बेरीज 21, म्हणून दोन्ही धन. सवय मोडते ती या एका चिन्हामुळे. सरावाच्या उदाहरणांत चढत्या श्रेढींचाच भरणा जास्त असतो, त्यामुळे उतरती आली की विद्यार्थी अडखळतात आणि कधी कधी तपासणारेही.

याचा अर्थ उतरत्या श्रेढीत दोन उत्तरं नेहमीच चालतात असा नाही. 20, 17, 14, … घ्या आणि 51 बेरीज मागा. 3n² − 43n + 102 = 0 मिळतं, मुळं 3 आणि 34/3. सव्वाअकराच्या आसपासची कसली तरी पदसंख्या, तिला अर्थ नाही. ती खोडायची आणि 3 लिहायचं. किंवा आपलीच श्रेढी घेऊन बेरीज −22 मागा. मुळं 22 आणि −1, तिथंही एक जातं. नियम ‘एकच उत्तर’ असा नसून ‘n ही नैसर्गिक संख्या हवी’ एवढाच आहे. त्या चाळणीतून जे खाली पडेल ते पडेल, जे राहील ते सगळं उत्तर. पत्रातलं ‘ऋण किंवा अपूर्णांक असती तर’ हे वाक्य त्यासाठीच आहे. विद्यार्थिनीला खोडायचा नियम ठाऊक आहे आणि तो तिनं लावून पाहिला आहे, एवढं त्यातून कळतं. हे वाक्य नसतं तर बाईंना वाटलं असतं की पोरीला मूळ सोडून देणं ही गोष्टच माहीत नाही.

एक जागा मात्र अशी आहे जिथं बाई शंभर टक्के बरोबर ठरतात. तेच आकडे, पण गोष्ट वेगळी. गणपतीच्या मंडपात खुर्च्या मांडायच्या आहेत. पहिल्या रांगेत २०, दुसरीत १८, तिसरीत १६, अशा १०८ खुर्च्या किती रांगांत लागतील? समीकरण हुबेहूब तेच, मुळं तीच. पण अकराव्या रांगेत शून्य खुर्च्या आणि बाराव्या रांगेत उणे दोन खुर्च्या, हे कुठल्याही मंडळाच्या कार्यकर्त्याला जमणार नाही. इथं १२ खोडायचं आणि तसं कारण लिहायचं. प्रश्न अशा वस्तूंचा असता तर हे पत्र लिहिताच आलं नसतं.

उलट, वस्तू बदलली की १२ परत जिवंत होतं. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी चढतंय असं धरा. पहिल्या तासात पातळी २० सेंटिमीटरनं वाढली, पुढच्या तासात १८नं, मग १६नं, कारण खाली नळ एकेक करून उघडत चाललेत. दहाव्या तासाला वाढ २ सेंटिमीटर, अकराव्याला पातळी जागच्या जागी, बाराव्याला २ सेंटिमीटर उतरली. सुरुवातीला टाकी रिकामी असेल तर पाणी १०८ सेंटिमीटरवर किती तासांनी असेल? नऊ तासांनी, चढताना. आणि बारा तासांनी, उतरताना. मध्ये ते ११०ला टेकून आलेलं असतं. ऋण पद म्हणजे इथं उतरणारं पाणी, त्यात अशक्य काहीच नाही.

ही टाकी डोळ्यांसमोर ठेवली की 21 − n चं गूढही उरत नाही. चार तासांनी पातळी ६८, सतरा तासांनीही ६८. आठ तासांनी १०४, तेरा तासांनीही १०४. जोडीची बेरीज प्रत्येक वेळी २१, कारण चढण आणि उतरण दहा आणि अकराच्या मध्ये आरशासारखी दुमडलेली आहे. आणि ११२ सेंटिमीटर विचारलं तर? पाणी तिथवर पोचतच नाही. समीकरणाचा विवेचक ऋण येतो तो हेच सांगायला.

मूळ प्रश्नात खुर्च्या नाहीत, टाकीही नाही, नुसती श्रेढी आहे. श्रेढी शून्याखाली गेली तरी श्रेढीच राहते. एवढ्याच मुद्द्यावर विद्यार्थिनीचं म्हणणं उभं आहे, आणि म्हणून पत्रात प्रश्न शब्दशः उतरवून काढणं ही औपचारिकता नव्हे. प्रश्न ‘साधारण असा होता’ असं लिहिलं की सगळा डोलारा कोसळतो. ‘कमीत कमी किती पदे’ असे शब्द असते तर उत्तर फक्त ९. ‘किती धन पदे’ असे असते तरी फक्त ९. पत्रातली ‘अशी अट मला दिसली नाही’ ही शब्दयोजना मला आवडते. ‘अट नव्हती’ असं ठणकावून सांगितलं की बाईंना प्रश्नपत्रिका काढून आपली बाजू सावरावी लागते. ‘दिसली नाही’ म्हटलं की त्या नुसती प्रश्नपत्रिका काढतात.

आता स्वल्पविराम. n = 9, 12 या लिहिण्यात खरंच एक गोम आहे. तपासणाऱ्याला त्याचे तीन अर्थ लागू शकतात. मुलीला दोन्ही उत्तरं मान्य आहेत, हा एक. तिला ठरवता आलं नाही म्हणून दोन्ही ठेवलीत, हा दुसरा. की तिनं मुळं लिहिली आणि निष्कर्ष लिहायचाच विसरली, हा तिसरा. उत्तरपत्रिकेवर तिच्या मनातलं दिसत नाही, स्वल्पविराम दिसतो. ‘आणि’ लिहिलं असतं तर तेही चुकलंच असतं, कारण n एकाच वेळी नऊ आणि बारा असू शकत नाही. हवा होता ‘किंवा’, आणि त्याखाली एक पूर्ण वाक्य : ‘पहिल्या 9 किंवा पहिल्या 12 पदांची बेरीज 108 होईल.’ शिवाय 2 + 0 + (−2) = 0 एवढं कंसात. ही दीड ओळ परीक्षेत लिहिली असती तर रेघ बहुधा आलीच नसती.

म्हणून पत्रातली त्रुटीची कबुली शिष्टाचारासाठी नाही, ती खरी आहे. मात्र ती किती ताणायची याला मर्यादा आहे. ‘माझी चूक झाली, क्षमा असावी, तरीपण’ असं लिहिलं की वाचणारा ‘चूक झाली’ इथंच थांबतो आणि कागद बाजूला ठेवतो. मांडणीतली त्रुटी आणि उत्तरातली चूक या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि पत्रात त्या वेगळ्याच राहायला हव्यात. म्हणून ती कबुली कारणांच्या नंतर येते, आधी नाही.

आणखी दोन गोष्टी या पत्रात मुद्दाम नाहीत. एक, ‘गुण वाढवून मिळावा’ हे शब्द. मागणी उत्तर पुन्हा पाहण्याची आहे. उत्तर बरोबर ठरलं तर गुण आपोआप येतो, आणि चूक ठरलं तर गुणासाठी गयावया केल्याचं ओझं राहत नाही. दोन, मैत्रिणीची उत्तरपत्रिका. ‘तिनं पण असंच लिहिलंय आणि तिला तीन दिलेत’ हे वाक्य तोंडाशी येतंच. ते गिळावं. त्यातून स्वतःचं उत्तर बरोबर आहे असं काहीच सिद्ध होत नाही. बाईंच्या हातात मात्र एक दुसरी उत्तरपत्रिका जाते, तिच्यावर कदाचित लाल रेघ मारायची राहिलेली असते, आणि मैत्री गणितापेक्षा नाजूक.

उत्तरपत्रिकेवर स्वतःच्या पेनानं काहीही लिहू नये, बाण काढू नये, ‘किंवा’ तर मुळीच घुसडू नये. शाई वेगळी पडते आणि प्रामाणिक पत्रावरही संशयाची सावली येते. पत्र वर्गात सगळ्यांसमोर देण्याऐवजी मधल्या सुट्टीत शिक्षक खोलीत द्यावं. सकाळची शाळा सुटताना तर नकोच. त्या वेळी बाईंच्या एका खांद्यावर पर्स, हातात दुसऱ्या तुकडीचा गठ्ठा आणि डोक्यात कल्याण लोकल असते. पण फार लांबवूही नये. गुण एकदा निकालपत्रकात चढले की ते बदलायला मुख्याध्यापकांपर्यंत जावं लागतं. पेपर मिळाल्यापासून एक-दोन दिवसांत दिलेलं पत्र बाईंच्याच पातळीवर निकाली निघतं.

हे सगळं शाळेतल्या परीक्षेपुरतं. मार्चच्या बोर्डाच्या पेपराला असं पत्र लिहायची सोय नाही, कारण तिथं तपासणारा कोण हेच ठाऊक नसतं. तिथं ठरलेल्या वाटा आहेत. गुणपडताळणीत सगळी उत्तरं तपासली गेली का आणि बेरीज बरोबर आहे का एवढंच पाहतात, 12वरची रेघ योग्य की अयोग्य हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही. त्यासाठी पुनर्मूल्यांकन मागावं लागतं, आणि त्याआधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घेणं सक्तीचं असतं. छायाप्रत हाती आल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करायचा असतो. मुंबई विभागाचं कार्यालय वाशीला आहे. कच्च्या कागदावरचं ते पहिलं काम मात्र दोन्हीकडे सारखंच. छायाप्रत घेऊन बसायचं, बारा पदं लिहायची, मिळवायची, आणि मगच अर्जाचे पैसे खर्च करायचे.

पत्र शिक्षक खोलीत पोचल्यावर बाईंना ते पटायला दोन मिनिटं पुरतात. 2, 0, −2 वाचलं की झालं. खरी अडचण त्यानंतर सुरू होते, आणि तिचा पत्रात उल्लेख नाही, नसावाही. दोन्ही उत्तरं बरोबर असतील तर ज्यांनी फक्त ९ लिहून पूर्ण तीन गुण घेतले, त्यांचं काय? ज्यांनी १२ काढलं आणि ‘अमान्य’ लिहून स्वतःच खोडलं, त्यांचं काय? त्यांची उत्तरं आता अपुरी ठरतात. दिलेला गुण काढून घ्यावा की आदर्श उत्तरातच चूक होती म्हणून राहू द्यावा? माझ्या मते राहू द्यावा. नमुना उत्तर चुकलं याचा भुर्दंड मुलांना नको, आणि पुढच्या तासाला फळ्यावर ते उदाहरण दोन्ही उत्तरांसह सोडवून दाखवावं. पण दोन्ही उत्तरं लिहून एक गुण गमावलेले आणखी कुणी आहेत का, हे तरी पाहावंच लागतं. एका मुलीचा गुण बदलून गठ्ठा बांधून ठेवता येत नाही. त्यासाठी चाळीसच्या चाळीस उत्तरपत्रिका पुन्हा काढायच्या, प्रत्येकीत प्रश्न ३ (ब) शोधायचा, जुना आकडा एका रेघेनं खोडून शेजारी नवा लिहायचा, सही करायची, पहिल्या पानावरची बेरीज बदलायची. एका पानाच्या पत्राचं बाईंना पडणारं काम एवढं असतं, आणि ‘आपल्या सवडीने’ हे दोन शब्द पत्रात आले आहेत ते यासाठी.